मुदत एकाची, निर्णय दुसऱ्याचा

हातात एका कंपनीचे ऑफर लेटर आलेले असते, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत होकार कळवावा असे त्यात लिहिलेले असते, आणि ज्या दुसऱ्या कंपनीत मनापासून जायचे आहे तिथून मात्र दोन मुलाखती होऊनही आठवडाभर कोणाचा फोन आलेला नसतो. अशा वेळी त्या दुसऱ्या कंपनीला निर्णय लवकर द्या म्हणावे का, म्हणायचे तर कोणत्या शब्दांत, आणि म्हटल्यामुळे तिथली संधी हातची जाईल का, हे प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारले जात आहेत. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी अनुभवी लोकांची भरती करणे हे माझे काम आहे. म्हणजे अशी मेल जिच्यापर्यंत येऊन पोहोचते ती मी. त्यामुळे ती मेल आल्यानंतर आत नेमके काय घडते, हे सांगण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजते.

आधी एका भीतीविषयी बोलले पाहिजे. दुसरी ऑफर असल्याचे कळवले तर कंपनीला ती धमकी वाटेल, असे बऱ्याच उमेदवारांना वाटते. अनुभवी माणसांच्या भरतीत असे सहसा होत नाही. ज्याला आम्ही बोलावले आहे त्याला आणखी दोन-तीन ठिकाणी बोलावणे असणार, हे आम्ही धरूनच चाललेलो असतो. आम्हाला खरा मनस्ताप होतो तो वेगळ्याच वेळी. आम्ही सोमवारी ऑफर तयार करून मोठ्या उत्साहाने फोन करतो आणि पलीकडून उत्तर येते, की मी शुक्रवारीच दुसरीकडे होकार कळवला. चार-पाच जणांनी मुलाखतींसाठी काढलेला वेळ, पगाराच्या मंजुरीसाठी केलेली धावपळ, सगळे वाया जाते, आणि मॅनेजर विचारतो की उमेदवाराची मुदत तुम्ही आधी विचारून का घेतली नाही. त्यामुळे मुदतीची तारीख वेळेवर कळणे ही आमच्या दृष्टीने अत्यंत उपयोगाची माहिती असते आणि ती देणाऱ्याबद्दल आमचे मत बिघडत नाही.

मात्र ती माहिती मिळाल्यावर आम्ही काय करू शकतो याला मर्यादा असतात, आणि उमेदवाराने समजून घेण्यासारखी गोष्ट माझ्या मते ही आहे. बाहेरून सगळा उशीर सारखाच दिसतो, कारण बाहेर फक्त शांतता ऐकू येते. आत मात्र त्याची कारणे निरनिराळी असतात. कधी उशीर वेळापत्रकात अडकलेला असतो, कधी तो निर्णय घेणाऱ्याच्या मनात असतो, तर कधी पैशाच्या मंजुरीत. पहिला उशीर तुमच्या एका मेलने एका दिवसात दूर होऊ शकतो. दुसरा दूर होत नाही, पण निदान उघडा पडतो. तिसऱ्यापुढे तुमची मेलही थकते आणि मीही.

वेळापत्रकातला उशीर किती किरकोळ कारणाने होतो हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. अशी मेल आली की मी सर्वप्रथम त्या उमेदवाराचे पान उघडते. त्यावर झालेल्या प्रत्येक मुलाखतीपुढे घेणाऱ्याचा अभिप्राय लिहिलेला असावा लागतो. अनेकदा असे दिसते की पहिल्या फेरीचा अभिप्राय आलेला आहे, तिसऱ्या फेरीचाही आलेला आहे आणि दुसऱ्या फेरीपुढची जागा कोरी आहे. ती मुलाखत घेणाऱ्या इंजिनिअरचे मत चांगले असते, त्याने ते चहा पिताना मॅनेजरला तोंडी सांगितलेलेही असते; पण त्याच आठवड्यात त्याच्या उत्पादनाची नवी आवृत्ती बाहेर पडायची असते आणि त्या चार ओळी लिहायच्या राहून गेलेल्या असतात. त्या चार ओळींवाचून पुढची फेरी लावता येत नाही. एरवी मी दोनदा आठवण केली तरी तो ‘उद्या टाकतो’ म्हणतो. पण ‘उमेदवाराला शुक्रवारपर्यंत दुसरीकडे उत्तर द्यायचे आहे’ असे सांगता आले की त्याच दुपारी अभिप्राय येतो. त्या मेलमुळे माझ्या हातात एक तारीख येते, आणि तारीख असल्याशिवाय कोणत्याही कार्यालयात कोणाचे काम पुढे सरकत नाही.

मनातला उशीर निराळा. तिथे अभिप्राय सगळे आलेले असतात, उमेदवार चांगला आहे यावर सर्वांचे एकमतही असते, पण त्याच जागेसाठी आणखी एक उमेदवार असतो आणि तो थोडा उजवा वाटलेला असतो. त्याला ऑफर गेलेली असते आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिली जात असते. या काळात दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आम्ही ‘प्रक्रिया चालू आहे’ असे सांगतो. ते खोटे नसते, पण पूर्णही नसते, आणि हे सांगताना मला आजही बरे वाटत नाही. तुमची मेल अशा वेळी आली तर कंपनीला तुमच्याविषयी ठरवावेच लागते. कधी मॅनेजर म्हणतो, हाही माणूस जायला नको, दुसरी जागा मागून घेऊ. बहुतेक वेळा म्हणतो, त्याला थांबवू नका.

मंजुरीतल्या उशिराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तिमाही संपत आलेली असते, वरून नव्या जागा थांबवलेल्या असतात किंवा ठरलेल्या ग्रेडपेक्षा जास्त पगार द्यायचा असतो आणि त्यासाठी दोन पायऱ्या वरची सही लागते. तिथे रिक्रूटरच्या विनंतीला वजन नसते.

आता पहिल्या कंपनीने मुळात तीनच दिवस का द्यावेत, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आपल्याकडे तर त्यात एक विसंगतीही दिसते. उमेदवाराची नोटीस साठ किंवा नव्वद दिवसांची असते, म्हणजे होकारानंतर कंपनी दोन-तीन महिने थांबायला तयार असते. मग होकारासाठी आठवडाभर थांबायला काय हरकत आहे? हरकत अशी, की रांगेतला दुसरा उमेदवार तेवढे थांबत नाही. या गोष्टीचा एक जुना आणि नीट अभ्यासलेला दाखला अमेरिकेतला आहे. तिथल्या रुग्णालयांना नव्याने पदवी घेणारे डॉक्टर इंटर्न म्हणून हवे असत. 1945 साली ऑफरवर उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला दहा दिवस द्यावेत असे ठरले. पण आवडत्या रुग्णालयाच्या प्रतीक्षा यादीत असलेला विद्यार्थी हातातली ऑफर शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवी आणि मग नकार देई. तोवर त्या रुग्णालयाच्या यादीतले पुढचे विद्यार्थी दुसरीकडे गेलेले असत. म्हणून मुदत वर्षागणिक कमी होत गेली आणि 1949 मध्ये तर बारा तासांची मुदतसुद्धा रुग्णालयांना जास्त वाटू लागली. शेवटी 1952 पासून दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमांची एकत्रित जुळणी करण्याची मध्यवर्ती पद्धत आली. अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ यांनी हा सगळा इतिहास अभ्यासला, आणि लॉइड शेपली यांच्यासोबत त्यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्यात जुळणीच्या या अभ्यासाचा मोठा भाग होता. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी अशी मध्यवर्ती व्यवस्था नाही आणि होईल असेही दिसत नाही. त्यामुळे ते काम उमेदवारालाच दोन फोन आणि दोन मेल यांच्या आधारे करावे लागते.

ते कसे करता येते हे मी माझ्या भाचीच्या उदाहरणावरून सांगते. तिला सात वर्षांचा अनुभव होता, हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी होती आणि नोटीस साठ दिवसांची होती. मंगळवारी संध्याकाळी तिला बाणेरच्या एका लहान कंपनीचे ऑफर लेटर आले. पगार चोवीस लाख, सगळा फिक्स्ड, उत्तर शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. तिला हवी होती ती खराडीतली दुसरी कंपनी, कारण तिथले काम डेटाबेसच्या अंतर्भागातले होते आणि गेली दोन वर्षे ती त्याच विषयाचा अभ्यास करत होती. तिथे कोडिंगची आणि तांत्रिक अशा दोन फेऱ्या झाल्या होत्या, सिस्टिम डिझाइनची आणि मॅनेजरबरोबरची अशा दोन बाकी होत्या, आणि नऊ दिवस काहीच कळले नव्हते. या दोन्ही कंपन्यांशी माझा काही संबंध नव्हता, म्हणून मला मोकळेपणाने सल्ला देता आला.

रात्री तिने मला मेलचा मसुदा पाठवला. त्यात लिहिले होते, की माझ्याकडे अधिक चांगल्या पगाराची ऑफर आहे, गुरुवारपर्यंत आपला निर्णय कळवावा, अन्यथा मला ती स्वीकारावी लागेल. खाली तिने मला विचारले होते, “मावशी, जरा जास्त कडक झालंय का?” कडकपणाचा प्रश्न फारसा नव्हता. अडचण अशी होती की त्या मेलमध्ये रिक्रूटरला करण्यासारखे काहीच नव्हते. दोन फेऱ्या बाकी असताना ‘निर्णय कळवा’ म्हटले तर तो काय कळवणार? शिवाय मुदत शुक्रवारची असताना तिने हातचा एक दिवस राखून गुरुवार लिहिला होता. हा मोह पुष्कळांना होतो, पण त्यातून समोरच्याचा एक पूर्ण दिवस काढून घेतला जातो, आणि दोन मुलाखती बसवायच्या असताना तोच दिवस कामी येणारा असतो.

पगाराचा उल्लेख मी सर्वांत आधी काढायला लावला. वेळ मागणे आणि पैसे मागणे एकाच मेलमध्ये येऊ नये, यावर मी ठाम आहे, आणि त्याचे कारण व्यवहारातले आहे. ‘अधिक चांगला पगार’ असे वाचले की रिक्रूटर पहिला प्रश्न विचारतो, किती? आकडा सांगितला आणि तो त्या जागेच्या ग्रेडच्या वर निघाला, तर मुलाखती लावण्याआधीच तो वरच्या मंजुरीसाठी जातो, कारण एवढा पगार देता येणार नसेल तर पॅनलचा वेळ कशाला घालवायचा, असा विचार होतो. म्हणजे जी प्रक्रिया लवकर व्हावी म्हणून मेल लिहिली तिच्यातच आणखी एक पायरी वाढते. पगाराची बोलणी करायला हरकत काहीच नाही. ती निवड पक्की झाल्यानंतर करावीत, तेव्हा उमेदवाराची बाजूही अधिक भक्कम असते.

मेल अर्थातच इंग्रजीत गेली. तिचा आशय असा होता: ‘मला काल दुसऱ्या एका कंपनीची लेखी ऑफर मिळाली असून तिला शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्यायचे आहे. आपल्याकडच्या कामात मला अधिक रस आहे आणि दोन्ही बाजूंचे चित्र स्पष्ट झाल्यावरच निर्णय घ्यावा अशी माझी इच्छा आहे. उरलेल्या दोन फेऱ्यांसाठी मी बुधवार ते शुक्रवार कोणत्याही वेळी उपलब्ध आहे. दोन्ही एकाच दिवशी ठेवल्या तरी चालेल. त्यानंतर निर्णयाला आणि लेखी ऑफरला साधारण किती दिवस लागतात हे कळले, तर समोरच्या कंपनीकडे तेवढी मुदत मागता येईल का, हे मी पाहीन.’ एवढेच. दुसऱ्या कंपनीचे नाव नाही, आकडा नाही, ‘अन्यथा’ नाही.

या मजकुरातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बहुतेक लोक आधी पहिल्या कंपनीकडे ‘थोडा वेळ’ मागतात आणि मग दुसरीकडे वळतात. थोडा म्हणजे किती, हे त्यांनाच माहीत नसते. मग दोन दिवस वाढवून मिळतात, ते पुरत नाहीत आणि पुन्हा मागण्याची पाळी येते. दुसऱ्यांदा मागितलेली मुदत क्वचितच मिळते. म्हणून आधी खराडीकडून खरा हिशेब घ्यायचा आणि मग बाणेरकडे एकदाच, नेमकी तारीख सांगून मागायचे, असा क्रम आम्ही ठरवला.

‘आपल्याकडच्या कामात अधिक रस आहे’ हे वाक्य तिच्या बाबतीत खरे होते म्हणून ठेवले. ते खरे नसेल तर लिहू नये. या वाक्याच्या जोरावर रिक्रूटर मॅनेजरची दुसरी बैठक हलवतो, आणि ऑफर हातात पडल्यावर तोच उमेदवार आणखी आठवडा मागू लागला तर त्या रिक्रूटरची आत शोभा होते. ज्याने दुसऱ्याला घाई करायला लावली त्याने स्वतः उत्तर देताना रेंगाळू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. खोटी ऑफर आहे असे सांगण्याबद्दल तर बोलायलाच नको. आपल्याकडे ‘ऑफर लेटरची प्रत पाठवा’ असे सर्रास विचारले जाते. खरी ऑफर असली तरी ती प्रत पाठवायला माझ्या भाचीने सौजन्याने नकार दिला, कारण मजकूर गोपनीय ठेवावा अशी अट त्यात होती. तारीख आणि पद मात्र तिने सांगितले आणि तेवढे पुरले.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मेल गेली, आणि दीड तासाने तिने फोन केला. फोन करावाच, कारण रिक्रूटरकडे एका वेळी पंधरा-वीस जागांचे काम असू शकते आणि दहा वाजता आलेली मेल दुपारपर्यंत खाली गेलेली असते. मेल रिक्रूटरलाच पाठवावी; मॅनेजरला परस्पर लिहिल्याने काम वेगाने होते असा समज आहे, प्रत्यक्षात तो मॅनेजर ती मेल रिक्रूटरकडेच पुढे पाठवतो आणि रिक्रूटरला डावलल्याची भावना तेवढी मागे उरते.

उत्तर दुपारी आले, आणि अशा उत्तरात काय वाचायचे असते ते इथे सांगते. ज्या कंपनीला माणूस हवा असतो ती त्याच दिवशी उत्तर देते आणि त्या उत्तरात तासांचा उल्लेख असतो. खराडीच्या रिक्रूटरने कळवले, की डिझाइनची फेरी गुरुवारी चार वाजता आणि मॅनेजरची शुक्रवारी अकरा वाजता घेता येईल. मात्र पगाराची मंजुरी सोमवारी मिळते, त्यामुळे लेटर मंगळवारच्या आधी निघणार नाही. हे वेळापत्रकातल्या उशिराचे उत्तर होते. नऊ दिवस का गेले तेही त्यातच कळले: मॅनेजर प्रवासात होता आणि तो परत येईपर्यंत कोणी पुढची फेरी लावली नव्हती. याउलट, ‘आपली अडचण समजते, आम्ही शक्य तितक्या लवकर कळवू’ असे उत्तर आले आणि त्यात कोणतीच तारीख नसली, तर तुमच्या पुढे कोणीतरी आहे असे समजायला हरकत नाही. आणि ‘आपण ती ऑफर अवश्य स्वीकारावी, आमच्यासाठी थांबू नये’ असे आले, तर ते वाईट वाटले तरी प्रामाणिक उत्तर आहे. बहुधा जागा थांबलेली असते किंवा निवड दुसऱ्याची झालेली असते. फक्त पहिली फेरी झालेली असताना अशी मेल पाठवली तरी हेच उत्तर येण्याची शक्यता अधिक, कारण तोवर कंपनीने तुमच्यात फारसे काही गुंतवलेले नसते. सरकारी उपक्रमांच्या किंवा विद्यापीठांच्या भरतीत या मेलचा उपयोग नाही, कारण तिथल्या तारखा जाहिरातीने आणि नियमांनी बांधलेल्या असतात.

त्याच संध्याकाळी तिने बाणेरला फोन केला. मागितले ते पुढच्या बुधवारी दुपारी बारापर्यंत, आणि कारण खरेच सांगितले: एक प्रक्रिया मंगळवारी पूर्ण होते आहे, त्यानंतर मी जे उत्तर देईन ते बदलणार नाही. घरात चर्चा करायची आहे, गावाला जायचे आहे अशी कारणे आम्ही दिवसभर ऐकतो आणि ती कोणाला पटत नाहीत. मुदत मागताना एक धोका असतो, तो माहीत असावा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 5 प्रमाणे प्रस्ताव देणाऱ्याला, समोरच्याने स्वीकार कळवण्याआधी, तो मागे घेता येतो. म्हणजे शुक्रवारपर्यंत मुदत दिली म्हणून तोवर ऑफर कायम राहीलच असे कायद्याचे अभय साधारणपणे नसते. व्यवहारात केवळ मुदत विचारली म्हणून ऑफर काढून घेतल्याचे मी फारच क्वचित पाहिले आहे, पण पाहिले आहे. बाणेरच्या बाईंनी विचार करून सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत थांबायचे मान्य केले आणि त्यापुढे थांबता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. तिने आभार मानून ही नवी तारीख मेलवर लिहून घेतली. फोनवर वाढवलेली मुदत लेखी घेतली नाही तर शुक्रवारी सहानंतर तिला काही किंमत राहत नाही.

आता सोमवार संध्याकाळ आणि मंगळवार यांच्यामध्ये एका दिवसाची फट उरली, आणि अशा फटीतच माणसे फसतात. दोन्ही मुलाखती चांगल्या झाल्या. शुक्रवारी संध्याकाळी खराडीच्या रिक्रूटरचा फोन आला, की तुमची निवड झाली आहे, पगार तेवीस लाखांच्या आसपास असेल, लेटर मंगळवारी पाठवतो. तिचा आनंद गगनात मावेना. बाणेरला तेव्हाच नकार कळवून टाकावा, असे तिला वाटत होते. मी नको म्हटले. रिक्रूटर खोटे बोलत होता असे मला मुळीच वाटत नव्हते. पण सोमवारी मंजुरी देणारा माणूस तो नव्हता. तोंडी होकारानंतर मंजुरीत आकडा खाली आलेला किंवा ग्रेड एक पायरी उतरलेली मी पाहिली आहे, आणि तो फोन मलाच करावा लागला आहे. तेव्हा उमेदवाराच्या हातात पहिली ऑफर उरलेली नसते आणि बोलायला जागाही नसते.

मग तिने रिक्रूटरला एवढेच विचारले, की लेटर मंगळवारी येऊ द्या, पण सोमवारी मंजुरी झाल्यावर पद, फिक्स्ड पगार, कामाचे ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख या चार गोष्टी कंपनीच्या मेलवरून कळवता येतील का, कारण मला संध्याकाळी सहापर्यंत दुसरीकडे उत्तर द्यायचे आहे. ही विनंती पूर्ण करणे रिक्रूटरच्या हातात असते, म्हणून ती सहसा मान्य होते. जी कंपनी मंजुरीनंतरही एवढे लिहून द्यायला तयार नसते, तिच्या तोंडी होकारावर हातातले सोडू नये.

रविवारी आम्ही दुसऱ्या शक्यतेचाही विचार करून ठेवला. सोमवारी सहापर्यंत मेल आलीच नाही तर? तिच्या मित्रांनी सोपा उपाय सुचवला होता: बाणेरला होकार द्यायचा, मंगळवारी खराडीचे लेटर आले की बाणेरला नाही म्हणायचे; साठ दिवसांची नोटीस आहे, तोवर काय काय बदलते. हे आपल्याकडे इतके रुळले आहे की कोणाला त्यात वावगे वाटत नाही. मला वाटते, आणि ते मी तिला तसेच सांगितले. तिचा होकार मिळताच बाणेरची कंपनी रांगेतल्या दुसऱ्या माणसाला नकार कळवणार होती. तो माणूस आपल्याला दिसत नाही म्हणून तो नसतो असे नाही. त्याला नकाराचा फोन मी अनेकदा केलेला आहे. शिवाय ‘मी जे उत्तर देईन ते बदलणार नाही’ असे सांगून तिने तीन दिवस वाढवून घेतले होते. तेव्हा मेल आली नाही तर बाणेरला होकार द्यायचा आणि खराडीला त्याच रात्री तसे कळवून त्यांची प्रक्रिया थांबवायची, असे ठरले. ठरवताना तिचा चेहरा उतरला होता, पण तिला ते पटले.

सोमवारी तीनपर्यंत काही आले नाही. साडेतीनला तिने रिक्रूटरला एका ओळीची आठवण पाठवली, आणि चारला मेल आली. चारही गोष्टी त्यात होत्या. फिक्स्ड पगार तेवीस लाख, म्हणजे बाणेरपेक्षा एक लाखाने कमी. आकडा वाढवून मागावा का, असे तिने मला विचारले. दोन तासांत ती मागणी वरपर्यंत जाऊन परत येणे शक्य नव्हते, आणि वेळ देखील मागून झाला होता. म्हणून आकड्याचा विचार तिने आहे त्या आकड्यावरच केला आणि कामासाठी खराडी निवडली.

पाच वाजता तिने बाणेरला फोन करून नकार सांगितला, मग मेल लिहिली. पलीकडच्या बाईंनी कारण विचारले, तिने कामाचे स्वरूप सांगितले, पगाराविषयी काही बोलली नाही. त्यांनी तिला सांगितले, की तुम्ही सहाची वाट न पाहता आधी कळवलेत हे बरे झाले, कारण आमच्या यादीतल्या पुढच्या उमेदवारालाही दुसरीकडे उद्यापर्यंत उत्तर द्यायचे आहे, त्यांना आता लगेच फोन करते.

खराडीचे लेटर मंगळवारी उशिरा आले. त्यातल्या चारही गोष्टी सोमवारच्या मेलशी ताडून पाहून तिने त्यावर सही केली, सही केलेली प्रत पोहोचल्याची पोच घेतली, आणि मगच, बुधवारी सकाळी, हिंजवडीतल्या आपल्या मॅनेजरकडे राजीनामा दिला.